संत्र्याची पांढरी साल : खावी की काढून टाकावी?

जर्सी सिटीत आपल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून मला हा प्रश्न नेहमी येतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती ओढली की पांढरा थर बहुतेक सालीबरोबरच निघून येतो आणि फोडींवर चार धागे राहतात. इथल्या बाजारातले नेव्हल संत्रे तसे नाही. त्याची साल जाड असते आणि आतला कापसासारखा थर फळाला चिकटून बसतो. पुष्कळ जण तो नखाने खरवडून टाकतात.

हा थर खाण्याजोगा आहे, विषारी मुळीच नाही. चवीला फिका, थोडा कडवट. त्यात चोथा भरपूर असतो, आणि त्यातला बराचसा भाग पेक्टिनचा. संत्र्याचा मार्मालेड घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. पोटात ते पाणी धरून फुगते, त्यामुळे शौचाला मऊ होते.

पण किती खाल्ले म्हणजे किती मिळते? संत्र्याच्या शंभर ग्रॅम सालीत सुमारे साडेदहा ग्रॅम चोथा असतो. फोडींवर दहा ग्रॅम पांढरा थर ठेवला, तर त्याच हिशेबाने जेमतेम एक ग्रॅम मिळेल. मध्यम आकाराच्या अख्ख्या संत्र्याच्या फोडींतच सुमारे तीन ग्रॅम असतो, आणि पेलाभर रसात केवळ अर्धा. पन्नाशीनंतर स्त्रियांना दिवसाला २१ आणि पुरुषांना ३० ग्रॅम चोथा हवा, असे इथे सांगतात. तेव्हा पांढऱ्या थरापेक्षा रस सोडून फळ खाण्याचाच लाभ मोठा, असे माझे मत.

खायचेच असेल तर फळ आधी धुऊन घ्यावे आणि वरची नारिंगी साल सुरीने पातळ काढावी. मग फोडी सुट्या न करता आडव्या पातळ चकत्या कराव्यात, म्हणजे फोडींची पापुद्रे आणि धागे आखूड कापले जातात. कवळी लावणाऱ्यांना हे फार सोयीचे. नीट चावावे आणि वर पाणी प्यावे.

ज्यांच्या जठराचे ऑपरेशन झाले आहे, किंवा ज्यांना चावता येत नाही, त्यांनी मात्र हा थर आणि पापुद्रेही टाळावेत. न चावलेला संत्र्याचा चोथा जठरात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकतो; डॉक्टरांना हे चांगले ठाऊक आहे. पोट फुगले, कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या आणि शौच व वारा दोन्ही बंद झाले, तर घरगुती काढा घेत बसू नका, लगेच इमर्जन्सीत जा आणि संत्रे खाल्ल्याचे तिथे आवर्जून सांगा.