गाठ काढली की कर्करोग का टळतो?

कोलोनोस्कोपी सर्रास होऊ लागण्यापूर्वी बेरियमच्या एक्स-रेमध्ये मोठ्या आतड्यातला पॉलिप दिसला, तरी तो काढायला पोट उघडावे लागे. त्यामुळे अनेकांच्या आतड्यात तो तसाच राहिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा 226 रुग्णांच्या नोंदी 1987 साली प्रसिद्ध केल्या. त्यांचे पॉलिप एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे होते. पॉलिपच्याच जागी कर्करोग होण्याचा धोका पाच वर्षांत शंभरात अडीच, दहा वर्षांत आठ आणि वीस वर्षांत चोवीस इतका निघाला. म्हणजे बहुतेक पॉलिप बिघडले नाहीत, आणि जे बिघडले त्यांनीही वर्षे घेतली. ही वर्षेच आपल्या उपयोगाची आहेत.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर काही दिवसांनी बदलतात. एखाद्या पेशीतले एपीसी हे जनुक निकामी झाले की तिची वाढ आवरत नाही आणि अडेनोमा नावाची गाठ तयार होते. पुढे केरास जनुकात बिघाड झाला की ती फोफावते, आणि पी53 निकामी झाले की खालच्या थरात घुसू शकते. घुसेपर्यंत तो कर्करोग नसतो. अडेनोमा काढला म्हणजे ही वाट अर्धी चाललेल्या पेशीच शरीराबाहेर गेल्या.

समजा, डाव्या बाजूला बारा मिलिमीटरचा, देठ असलेला पॉलिप सापडला. दुर्बिणीतूनच तारेचा फास देठाभोवती आवळतात, विजेच्या प्रवाहाने तो कापतात आणि गाठ तपासणीला पाठवतात. अहवालात कर्करोग नसला आणि गाठ पूर्ण निघाली असली, तरी तीन वर्षांनी पुन्हा पाहायचे, कारण एक अडेनोमा झालेल्या आतड्यात दुसरा होऊ शकतो. क्वचित रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित आतड्याला छिद्र पडते.

याचा फायदाही मोजला गेला. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीत अडेनोमा काढलेल्या 2602 रुग्णांचा सुमारे सोळा वर्षे मागोवा घेतला. सामान्य लोकसंख्येच्या प्रमाणानुसार त्यांच्यात या कर्करोगाने पंचवीस मृत्यू अपेक्षित होते, झाले बारा.

तरीही ही तपासणी अचूक नाही. उजव्या बाजूचे चपटे पॉलिप घडीमागे लपतात आणि पोट नीट साफ नसेल तर मळाखाली झाकले जातात. म्हणून आदल्या दिवशीचे जुलाबाचे औषध पूर्ण घेणे हा तपासणीचाच भाग समजा. दुर्बीण बाहेर काढतानाच अस्तर बारकाईने पाहतात, आणि त्याला निदान सहा मिनिटे द्यायला हवीत. माझ्या मते यंत्र किती महाग आहे यापेक्षा हा सावकाशपणा महत्त्वाचा.

आपल्याकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून मलम लावत बसतात. तसे करू नका, डॉक्टरांना दाखवा. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीला, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. पॉलिप बहुधा काहीच त्रास देत नाही.