फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय? आधी बघा, अडवतंय कोण: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड की मेमरी

फोनवर विमान उडवायचा नाद लागला की पुढची पायरी ठरलेली असते: पीसीवरचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. मग प्रश्न येतो, ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?’ बहुतेक गेमसाठी हा प्रश्न बरोबर असतो. फ्लाइट सिम्युलेटरसाठी मात्र तो अर्धाच आहे. महागडं कार्ड टाकूनही न्यूयॉर्कवरून खालून उडताना चित्र अडखळू शकतं, आणि त्यात कार्डाचा काहीच दोष नसतो.

कारण समजायला २०२० साली आलेल्या आवृत्तीचंच उदाहरण घेऊ.

एक फ्रेम, दोन कामगार

स्क्रीनवरचं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकीसाठी साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात दोघांना आपापलं काम संपवायचं असतं. प्रोसेसर ठरवतो की विमान आता कुठे आहे, पंखांवर हवेचा जोर किती, समोर कुठल्या इमारती दिसायला हव्यात. ग्राफिक्स कार्ड ते सगळं प्रत्यक्ष रंगवतं. दोघं साधारण एकाच वेळी काम करतात, त्यामुळे फ्रेमचा वेग हळू कामगारावर ठरतो.

समजा, मॅनहॅटनवरून जाताना प्रोसेसरला ४० मिलिसेकंद लागतायत आणि कार्डाला २५. फ्रेम दर ४० मिलिसेकंदांनी येणार, म्हणजे सेकंदाला २५. आता तुम्ही दुप्पट वेगवान कार्ड आणलंत. कार्डाचं काम साडेबारा मिलिसेकंदांत उरकेल, पण प्रोसेसर ४० वरच आहे. फ्रेम? तरीही २५. पैसे गेले, फरक शून्य.

जमीन प्रोसेसरला दमवते

शूटिंग गेमचा नकाशा ठरलेला असतो, त्यामुळे बरंच काम गेम बनवतानाच करून ठेवता येतं. इथे नकाशा म्हणजे अख्खी पृथ्वी. जमिनीची चित्रं इंटरनेटवरून येत राहतात. ती उलगडायची, झाडं-घरं मांडायची, विमान पुढे सरकलं की मागचं काढून टाकायचं, हे उडता उडता चालू असतं. त्यात विमानतळावरची इतर विमानं आणि कॉकपिटमधले डिजिटल पडदे यांची भर पडते.

यातली कामं अनेक कोअर वाटून घेतात, पण बरीच महत्त्वाची कामं एकाच मुख्य थ्रेडवर रांगेत उभी असतात. इथेच अनेकांची फसगत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २५ टक्के दिसतो आणि वाटतं, हा तर निवांत बसलाय! पण ८ कोअर, १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण दमला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ६ टक्के दिसतो. म्हणून जास्त कोअरपेक्षा एका कोअरचा वेग इथे महत्त्वाचा.

आणि कॅशही. मुख्य थ्रेडला सतत इकडची-तिकडची माहिती लागते. ती प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्ये मिळाली तर लगेच हाती येते, नाहीतर रॅमपर्यंत हेलपाटा. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्समध्ये ३२ एमबी एल-३ कॅश होती, ५८००एक्स३डीमध्ये ती ९६ एमबी झाली. दुसऱ्याचा क्लॉक स्पीड थोडा कमी असूनही फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो पुढे निघतो, ते यामुळेच.

आकाश ग्राफिक्स कार्डला दमवतं

ढगांचं गणित वेगळं. इथले ढग चिकटवलेली चित्रं नसून हवेत जागा व्यापणारे खरे आकार आहेत. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण ढगात सोडला जातो आणि वाटेत ठिकठिकाणी थांबून विचारलं जातं: इथे वाफ किती दाट आहे? सूर्याचा प्रकाश इथवर किती पोचतो? अशी अनेक उत्तरं जोडली की एका पिक्सेलचा रंग ठरतो.

हे काम पिक्सेलच्या संख्येने वाढतं. १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४के वर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. वरच्या उदाहरणात दाट ढग आले आणि कार्डाचे २५ मिलिसेकंद ४५ झाले, तर आता अडवणारं कार्ड आहे. फ्रेम २२ वर येतील. तोच पीसी, तेच शहर, फक्त हवा बदलली.

मेमरी भरली की झटके बसतात

फोनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीतून खातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत दोन ताटं असतात: रॅम आणि कार्डावरची व्हीरॅम. मेमरी वाढवून सहसा फ्रेम वाढत नाहीत, पण ती कमी पडली की गाडी खड्ड्यात गेल्यासारखे झटके बसतात. व्हीरॅम भरली की टेक्श्चर रॅममधून आणावी लागतात, रॅम भरली की माहिती एसएसडीवर जाते, आणि हे दोन्ही रस्ते खूप हळू आहेत. सरासरी ४० फ्रेम दिसतायत, पण वळताना चित्र क्षणभर थिजतंय? मग आधी टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेत का ते बघा. दोन्हीत जागा असेल तर संशय इंटरनेटवर किंवा प्रोसेसरवर.

स्वतः तपासा

`General Options` मधल्या `Developers` विभागात `Developer Mode` चालू करा. वर येणाऱ्या मेनूत `Options` मधून `Display FPS` निवडा. तिथे `Limited by MainThread` दिसलं तर प्रोसेसर अडवतोय, `Limited by GPU` दिसलं तर कार्ड.

खात्री करायची तर एकाच जागी, एकाच हवामानात `Render Scaling` १०० वरून ५० करा. चित्र धूसर होईल. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची होती. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरची.

मग इलाजही वेगळे. प्रोसेसर अडवत असेल तर `Terrain Level of Detail` कमी करा. हा आकडा किती लांबपर्यंत बारकावे दिसतील ते ठरवतो. अंतर दुप्पट केलं की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून २०० वरून १०० केल्यावर बराच भार उतरतो. `Traffic` पण कमी करा. कार्ड अडवत असेल तर ढग `Ultra` वरून `High` करा किंवा रेझोल्यूशन उतरवा.

मग घ्यायचं काय?

शहरांवरून खालून उडायचं, मोठ्या विमानतळांवर उतरायचं असेल तर बजेटचा मोठा हिस्सा मोठ्या कॅशच्या प्रोसेसरवर घाला. पडदा १०८०पी किंवा १४४०पी असेल तर मधल्या दर्जाचं कार्ड पुरतं.

४के वर ढगांचे थर आणि सूर्यास्त बघायचे असतील तर पैसे कार्डावर, आणि व्हीरॅम १२ जीबी तरी असू द्या. लॅपटॉप घेताना हे जास्त जपा, कारण त्यातलं कार्ड आणि त्याची व्हीरॅम नंतर बदलता येत नाही.

रॅम दोन्हीकडे ३२ जीबी धरा, १६-१६ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरला माहिती निम्म्या रुंदीच्या रस्त्याने मिळते. २०२० च्या आवृत्तीसाठी १६ जीबीची शिफारस होती, २०२४ च्या आवृत्तीसाठी तीच ३२ झाली आहे.

आधीच पीसी असेल तर खरेदीआधी `Render Scaling` ची चाचणी घ्या. दोन मिनिटांत कळेल, पैसे कुठल्या भागावर घालायचे ते.