पाण्यात उभा, तरी तहानलेला

मावळातल्या पॉलिहाऊसमधला डच गुलाब संत तुकाराम नगरातल्या एखाद्या घरी फुलदाणीत येतो आणि दोन-तीन दिवसांत मान टाकतो. जवळून पाहा. पाकळ्यांचा रंग टवटवीत असतो, फक्त फुलाच्या लगेच खालचा देठ वाकलेला असतो. फूल म्हातारं झालेलं नाही. भरल्या फुलदाणीत उभं राहून ते तहानलेलं आहे!

देठात केसाहून बारीक जलवाहिन्या असतात आणि पाणी वर ढकलणारा पंप कुठेच नसतो. पानांतून बाष्प उडतं, त्याच्या जागी खालचं पाणी ओढलं जातं, म्हणून आतला पाण्याचा धागा सतत ताणलेला असतो. देठ कापताच हा धागा आत मागे सरकतो आणि उघड्या तोंडांतून हवा शिरते. मात्र एका वाहिनीतून दुसरीत जाताना अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे लागतात. तिथे हवा अडते आणि बहुतेक खालच्या काही सेंटिमीटरमध्येच राहते. वनस्पतीची ही सोय मला थक्क करते.

दुसरा अडथळा फुलदाणीतच वाढतो. कापलेल्या देठातून साखर आणि इतर रस पाण्यात झिरपतात, बुडालेली पानं कुजतात आणि त्यावर जिवाणू पोसतात. पाणी गढूळ दिसू लागेपर्यंत एका मिलिलिटरमध्ये ते कोट्यवधी झालेले असतात. ते आणि त्यांचा चिकट स्राव पाण्याबरोबर ओढले जाऊन कापलेल्या तोंडाशीच साचतात.

अडथळा खालीच आहे, हे घरी पडताळता येतं. मान टाकलेल्या गुलाबाचा देठ पाण्यात बुडवूनच खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा आणि स्वच्छ फुलदाणीत गळ्यापर्यंतच्या पाण्यात ठेवा. उशीर झाला नसेल, तर काही तासांत मान सरळ होते.

आता साखर. तोडलेल्या फुलाला पानांकडून मिळणारा पुरवठा जवळपास तुटतो, पण पाकळ्यांना श्वसनासाठी इंधन लागतंच. शिवाय साखर पेशींत गेली की पाणी आत खेचलं जातं आणि कळी पूर्ण उमलते. पण नुसती साखर घातली, तर मेजवानी जिवाणूंचीच होते. म्हणून फुलांच्या पुडीत साखरेसोबत आम्ल आणि जंतुनाशक असतं. आम्लामुळे जिवाणूंची वाढ मंदावते. घरी लिटरभर पाण्यात तीन छोटे चमचे साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस विरघळवून शेवटी साध्या ब्लीचचे काही थेंब घालावेत. लिंबू आणि ब्लीच थेट एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे पाणी दोन दिवसांनी बदलावं आणि बुडणारी पानं आधीच काढावीत.

कळी फारच घट्ट असताना तोडली असेल, तर मात्र फुलाखालच्या देठात कडकपणा देणारं लिग्निन पुरेसं भरलेलं नसतं. पाण्याची थोडीशी ओढाताण झाली, तरी असा देठ वाकतो आणि फुलदाणीतल्या पाण्यात काहीही घातलं, तरी ती उणीव भरून निघत नाही.