भंडाऱ्याचा पिवळा आणि कॅमेऱ्यातला आलेख

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा पायऱ्या, दीपमाळा, माणसे, सगळेच हळदीने माखलेले असते. छायाचित्रकारांची तिथे दाटी होते आणि नंतर घरी बसून फोटो पाहताना अनेकांची एकच तक्रार असते. डोळ्यांना दिसलेला तो केशराकडे झुकणारा उबदार पिवळा फोटोत लिंबाच्या सालीसारखा फिका होऊन येतो. उधळलेल्या भंडाऱ्याचे कण, त्याचे विरळ-दाट पदर दिसतच नाहीत. त्यांच्या जागी एक सपाट पिवळा डाग असतो. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर पाहिले होते, तेव्हा सारे ठीकच वाटले होते.

पडद्यावर भिस्त ठेवणे हीच पहिली गफलत. दुपारच्या उन्हात तो पडदा अंधुक दिसतो, त्यामुळे जास्त उजळलेला फोटोही योग्य वाटतो. रात्री तोच पडदा झगझगीत दिसतो आणि काळवंडलेला फोटो छान वाटतो. भोवतालच्या उजेडाने न बदलणारे एक मोजमाप मात्र कॅमेऱ्यातच असते. ते म्हणजे हिस्टोग्राम. काढलेला फोटो पाहताना INFO किंवा DISP असे लिहिलेले बटण एक-दोनदा दाबले, की बहुतेक कॅमेऱ्यांत तो डोंगररांगेसारखा आलेख फोटोशेजारी उमटतो.

तो वाचायला गणित लागत नाही. आडव्या रेषेच्या डाव्या टोकाला शुद्ध काळा, म्हणजे 0, आणि उजव्या टोकाला शुद्ध पांढरा, म्हणजे 255. मधे करड्याच्या सगळ्या छटा. फोटोतला प्रत्येक पिक्सेल त्याच्या उजळपणानुसार या रेषेवर आपापल्या जागी रचला जातो. जिथे पिक्सेल जास्त, तिथे उंचवटा. फोटोत ती छटा कुठे आहे हे आलेख सांगत नाही, फक्त ती किती आहे एवढेच सांगतो. उंचवटा उंच की बुटका याला फारसे महत्त्व नाही. पाहायची ती दोन टोके. उजव्या भिंतीला आलेख चिकटून उभा असेल, तर तेवढे पिक्सेल 255 वर जाऊन थांबले आहेत आणि त्यांच्यातले बारकावे पुसले गेले आहेत. फोटोवाले याला ‘जळणे’ म्हणतात. डाव्या भिंतीला चिकटला असेल, तर तेवढा भाग निव्वळ काळा झाला आहे.

आता जेजुरीतली एक चौकट घेऊ. दोन माणसे उन्हात भंडारा उधळत आहेत, अंगावरचे कपडेही पिवळेच. त्यांच्यामागे दगडी कमानीची गडद सावली, आणि तिने चौकटीचा मोठा भाग व्यापलेला. आयएसओ 200, अ‍ॅपर्चर एफ 5.6, शटरचा वेग ठरवण्याचे काम कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. सावली मोठी असल्याने त्याला दृश्य अंधारे वाटते, आणि तो शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवतो, सेकंदाचा आठशेवा भाग. या आयएसओला आणि या अ‍ॅपर्चरला स्वच्छ उन्हातल्या वस्तूसाठी सेकंदाचा सोळाशेवा भाग पुरतो. म्हणजे पिवळ्यावर गरजेच्या दुप्पट उजेड पडला. छायाचित्रणाच्या भाषेत एक स्टॉप ओव्हर.

आणि तरीही हिस्टोग्राम निर्दोष दिसतो! डावीकडे कमानीच्या सावलीचा उंचवटा, उजवीकडे पिवळ्याचा, आणि उजव्या भिंतीपर्यंत चांगली मोकळी जागा.

याचे कारण त्या पांढऱ्या आलेखाच्या हिशेबात आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत पांढरा आलेख या तिघांची भारित सरासरी दाखवतो. त्यात हिरव्याला सुमारे 59 टक्के, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन असते, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. उन्हातल्या हळदीचा रंग नीट टिपला गेला, तर लाल 255 च्या अगदी जवळ, हिरवा 170 च्या आसपास आणि निळा 30 असा काहीसा येईल. एक स्टॉप उजेड वाढला, की हिरवा 230 पर्यंत चढतो, निळा 40 वर जातो. लालला मात्र वर जागाच नाही, तो 255 वर अडकतो. या तिघांची भारित सरासरी 217 भरते. पांढरा आलेख हे 217 दाखवतो, आणि त्याच्या पलीकडे रुंदीच्या सातव्या हिश्श्याएवढी जागा रिकामी दिसते. लाल जळून गेला आहे हे त्यात कुठेच दिसत नाही.

रंग लिंबाकडे का झुकला, तेही याच आकड्यांत आहे. हळदीचा उबदारपणा लाल आणि हिरव्यातल्या अंतरातून येतो. लाल अडकला आणि हिरवा चढत राहिला, की ते अंतर मिटते. म्हणूनच असा फोटो नंतर संगणकावर कितीही गडद केला, तरी हळद परत येत नाही, मळकट हिरवट पिवळा हाती लागतो.

उपाय त्याच बटणाच्या आणखी एका दाबात असतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत पांढऱ्या आलेखाच्या पुढे लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दिसतात. काही कॅमेऱ्यांत ते आधी मेन्यूत जाऊन चालू करावे लागतात. आपल्या चौकटीत लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला दिसेल. निळा डाव्या भिंतीकडे गोळा झालेला असेल, पण त्याची चिंता नको, हळदीत निळा मुळातच नगण्य असतो. मग एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर नेऊन पुन्हा फोटो घ्यायचा. शटर सोळाशेव्या भागावर येतो. लाल अजून भिंतीला शिवत असेल, तर आणखी एक तृतीयांश स्टॉप उणे करायचा, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. आता लालचा उतार भिंतीच्या अलीकडे संपतो आणि भंडाऱ्याचे कण सुटे दिसू लागतात. झेंडूच्या राशी, लाल साड्या, गुलाल यांच्याबाबतीतही हेच घडते. भडक रंगाची चौकट असेल, तर एकट्या पांढऱ्या आलेखावर विसंबू नये.

रॉ फाइल काढणाऱ्यांना इथे थोडी सवलत मिळते. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसतो. कॅमेरा आतल्या आत जी जेपेग प्रत बनवतो, तिच्यावरून तो आखला जातो. ही प्रत बनवताना व्हाइट बॅलन्ससाठी लालचे आकडे वाढवले जातात, आणि दिवसाच्या उजेडात बहुतेक कॅमेऱ्यांत ते दुपटीच्या आसपास जातात. त्यामुळे जेपेगमध्ये लाल जळला, तरी रॉमध्ये तो पुष्कळदा शिल्लक असतो. ‘व्हिविड’ सारखी रंग भडक करणारी पिक्चर स्टाइल निवडली असेल, तर आलेख आणखी लवकर भिंतीला लागतो. ‘न्यूट्रल’ ठेवली, तर तो वस्तुस्थितीच्या बराच जवळ येतो. जेपेगच काढणाऱ्यांना मात्र आलेखात दिसते तेच खरे.

मग फोटो गडद ठेवणेच सुरक्षित, असा निष्कर्ष कोणी काढेल. तो बरोबर नाही. सगळा आलेख डावीकडे दाटला आणि उजवा अर्धा भाग रिकामाच राहिला, तर तो फोटो नंतर उजळावा लागतो. उजळताना अंधाऱ्या भागातला रवाळ, रंगीबेरंगी कचराही वर येतो. त्याला नॉइझ म्हणतात. घोंगडीची वीण किंवा सावलीतला चेहरा त्यात हरवून जातो. उजळ भाग जळू न देता आलेख जितका उजवीकडे नेता येईल, तितका न्यावा, हे उत्तम.

डावीकडे झुकलेला प्रत्येक आलेख चुकीचाच असतो, असेही नाही. रात्री पेटवलेल्या दीपमाळेचा फोटो घेतला, तर काळ्या आकाशाचा उंचवटा डाव्या टोकाला असणारच, आणि ज्योतींची एक बारीक रेघ उजव्या भिंतीला चिकटणारच. ज्योतीच्या गाभ्यात बारकावे शोधायचे नसतात. उन्हात चमकणाऱ्या पितळी समईवरचा ठिपकाही खुशाल जळू द्यावा. कुठला पांढरा गमावलेला चालेल, हे आलेख सांगत नाही. ते चौकटीत काय आहे त्यावरून ठरते. त्यासाठी जळलेला भाग पडद्यावर लुकलुकवून दाखवणारी सूचना बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवावी. आलेख किती जळले ते सांगतो, ही लुकलुक कुठे जळले ते दाखवते.

फिक्या फोटोचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची जळलेल्या फोटोशी फार गल्लत होते. जुलैत माळशेज घाटात धुक्यात काढलेला फोटो पुचाट दिसतो, म्हणून लोक तो ओव्हर गेला असे समजून पुढचे फोटो गडद काढतात. आलेख पाहिला, तर मधोमध एक अरुंद उंचवटा असतो, दोन्ही टोके रिकामी. इथे काहीच जळलेले नाही. धुक्यात गडद काळे आणि लख्ख पांढरे नसतेच, कमी आहे तो कॉन्ट्रास्ट. उलट मीटरने उजळ धुक्याला मध्यम करडे केलेले असते, म्हणून इथे एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायला हवे, म्हणजे उंचवटा उजवीकडे सरकतो आणि धुके धुक्यासारखे पांढरट दिसते. काळेपणा कमी वाटलाच, तर नंतर लेव्हल्समध्ये डावे टोक उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत आणता येते. उजव्या भिंतीला टेकलेल्या फोटोला मात्र असे काही करून काहीच परत मिळत नाही.

जेजुरीत पालखी समोरून जायला फार वेळ लागत नाही. गर्दीत प्रत्येक फोटोनंतर आलेख पाहणे शक्य नसते, आणि पाहत बसलात तर खरा क्षण निसटतो. म्हणून जाणकार हे काम आधीच उरकतात. पालखी येण्यापूर्वी उन्हातल्या भंडाऱ्याचा एक फोटो घेऊन लाल आलेख तपासायचा, आणि जमलेले आकडे, इथे आयएसओ 200, एफ 5.6, सेकंदाचा दोन हजारावा भाग, मॅन्युअल मोडमध्ये पक्के करून ठेवायचे. मग मागे कमानीची सावली येवो की उजळ आकाश, मीटर काहीही म्हणो, उन्हातला पिवळा तसाच टिपला जातो. सूर्य ढगाआड गेला किंवा पालखी सावलीत शिरली, की हे आकडे बाद होतात. तेव्हा नवा फोटो घेऊन लाल आलेख पुन्हा पाहावा लागतो.