सल्फेट-फ्री शाम्पू आणि तेल लावलेलं डोकं

दुकानात शाम्पूची बाटली हातात घेतली की ती आधी पालथी करून मागची बाजू वाचावी. तिथे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ज्याचं प्रमाण जास्त ते नाव आधी, असा तिचा क्रम असतो, फक्त अगदी किरकोळ प्रमाणातले घटक शेवटी कसेही येतात. पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं असतं. त्याच्या लगेच पुढची दोन-तीन नावं म्हणजे मळ काढणारे घटक, ज्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. नेहमीच्या शाम्पूत इथे सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम लॉरिल सल्फेट दिसतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘सल्फेट-फ्री’ लिहिलेल्या बाटलीवर ही नावं नसतात. प्रश्न असा आहे की त्यांच्या जागी काय घातलंय आणि तुमच्या डोक्याला त्याने खरंच फरक पडतो का.

सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. पाण्यात त्यांचं प्रमाण पुरेसं झालं की ते गोळा होऊन बारीक गोलक बनवतात. तेलाची टोकं आत आणि पाण्याची बाहेर राहतात. केसांवरचं तेल, धूळ आणि घामाचे क्षार या गोलकांत अडकतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. स्वच्छतेचं काम एवढंच. पण काही रेणू गोलकात न शिरता सुटे फिरत राहतात, आणि टाळूला त्रास होतो तो मुख्यतः या सुट्या रेणूंचा.

टाळूच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. सुटे रेणू या थरात घुसतात, तिथल्या केराटिन प्रथिनाला चिकटून ते फुगवतात आणि मधली स्निग्ध द्रव्यं थोडी ओढून नेतात. मग आतलं पाणी बाहेर उडू लागतं, कातडी ताणल्यासारखी वाटते आणि कधी चुरचुरते. सोडियम लॉरिल सल्फेट या बाबतीत बदनाम आहे आणि ती बदनामी निराधार नाही. त्वचारोगाच्या संशोधनात कातडीला मुद्दाम दाह आणून बघायचा असेल तर हाच पदार्थ वापरतात. त्याचं सौम्य द्रावण पट्टीखाली साधारण 24 तास दाबून ठेवतात आणि कातडी किती लाल होते ते मोजतात.

पण आपण शाम्पू 24 तास डोक्यावर बांधून ठेवत नाही. ओल्या केसांवर तो पाण्यात विरतो, एक-दोन मिनिटं राहतो आणि धुतला जातो. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने 1983 साली या पदार्थाबद्दल मत दिलं ते याच मुद्द्यावर. थोडा वेळ लावून नीट धुवायच्या उत्पादनात तो सुरक्षित आहे, मात्र जे अंगावर तसंच राहणार असेल त्यात तो 1 टक्क्यापेक्षा जास्त नसावा. त्याने कर्करोग होतो ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ईमेलवरून पसरली आणि आजही फॉरवर्ड होत असते. तिला आधार नाही.

दुसरं असं की चांगल्या शाम्पूत एकटं लॉरिल सल्फेट क्वचितच असतं. त्याच्याऐवजी सहसा लॉरेथ सल्फेट घालतात. नावात थोडासाच फरक, पण हा रेणू मोठा आणि कातडीला पुष्कळ सौम्य असतो. त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बेटाइन नावाचा दुसरा सर्फॅक्टंट असतो. दोन्ही मिसळले की गोलक लवकर बनतात आणि सुट्या रेणूंची संख्या घटते. त्यामुळे एकेकट्यापेक्षा मिश्रण सौम्य ठरतं. सल्फेट असलेला नीट जुळवलेला शाम्पू हा सल्फेट नसलेल्या कच्च्या शाम्पूपेक्षा टाळूला बरा असू शकतो, तो या कारणाने.

आता सल्फेट-फ्री बाटलीच्या मागे बघूया. काहींत कोकोइल आयसेथायोनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड असतं आणि ते खरोखर सौम्य असतात. पण बऱ्याच बाटल्यांत ‘ओलेफिन सल्फोनेट’ दिसेल. हे रसायनशास्त्राच्या व्याख्येने सल्फेट नाही, म्हणून पुढचा दावा खरा ठरतो. मळ काढण्याच्या जोराने मात्र ते सल्फेटच्या पंगतीत बसतं. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही जास्त पैसे मोजले, ते कारणच तिथे नाही. ही दिशाभूल मला खटकते, कारण पुढची बाजू वाचून विकत घेणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नसतो.

शिवाय दाह आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाह कुणालाही होऊ शकतो, तो प्रमाण आणि वेळ यांवर ठरतो. ॲलर्जी काही जणांनाच होते, पण एकदा झाली की थोडासा अंशही पुरतो. लॉरिल सल्फेट मुख्यतः दाह आणतं, ॲलर्जी क्वचित. उलट सौम्य म्हणून मिरवणारं बेटाइन 2004 साली आणि डेसिल ग्लुकोसाइड ज्या गटात येतं तो अल्किल ग्लुकोसाइडचा गट 2017 साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने ‘वर्षातला ॲलर्जन’ म्हणून जाहीर केला होता. बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. पण सल्फेट सोडूनही मान, कान आणि पापण्यांची खाज थांबत नसेल, तर संशय या नावांवर आणि सुगंधी द्रव्यांवर घ्यावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

किमतीचंही एक कारण आहे. लॉरेथ सल्फेट स्वस्त असतं आणि साधं मीठ घातलं की त्याचं द्रावण छान घट्ट होतं. नवे सर्फॅक्टंट महाग असतात आणि अनेकदा मिठाने घट्ट होत नाहीत, मग वेगळे घट्टपणा आणणारे पदार्थ घालावे लागतात. जास्तीच्या पैशांतला काही भाग यातच जातो.

आपल्याकडे खरी अडचण मात्र तेलाची आहे. सल्फेट-फ्रीचा सल्ला प्रामुख्याने अशा देशांतून आला जिथे लोक केसांना तेल चोपडत नाहीत. आपल्या घरांत रात्री खोबरेल लावून सकाळी न्हायचं ही रीत आहे आणि तिला चांगला आधारही आहे. मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसांतून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलने लक्षणीय कमी झालं. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतं आणि मग केस पाण्याने कमी फुगतो. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचे होते हे लक्षात ठेवावं, पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावणारी बाई केसांचं बरंचसं रक्षण आधीच करत असते. अशा डोक्यावर सौम्य शाम्पू घातला की फेस येत नाही, तेल निघत नाही, मग ती दुप्पट शाम्पू घेते, दोनदा धुते, जोरात चोळते. सौम्यपणाचा फायदा तिथेच संपतो.

माझ्या वहिनीचं असंच झालं. डोक्यातून पांढरं काही गळायचं, म्हणून टाळू कोरडी पडली असं तिने धरलं, तेल वाढवलं आणि महागडा सल्फेट-फ्री शाम्पू आणला. न्हाणं आठवड्यातून एकदाच. थोड्या दिवसांत खपल्या पिवळसर आणि चिकट झाल्या, कानामागे आणि भुवयांतही आल्या. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं की हा कोरडेपणा नव्हे, तेलकट कोंड्याचा दाह आहे. टाळूवर सगळ्यांच्याच मॅलसेझिया नावाचं यीस्ट राहतं. ते तेलातली चरबी खातं आणि त्यातून सुटलेली आम्लं काहींच्या कातडीला सोसत नाहीत. वरून तेल घालणं आणि कमी धुणं म्हणजे त्याला खायला घालणं. तिला 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळाला. आठवड्यातून दोनदा, टाळूवर लावून 5 मिनिटं थांबायचं आणि मग धुवायचं, तेल बंद. महिन्याभरात टाळू साफ झाली. या औषधी शाम्पूंमध्ये अनेकदा लॉरेथ सल्फेटच असतं आणि तिथे त्याचा उपयोगच होतो.

दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. न्हाल्यावर तासाभरातच टाळू ताणली जाते, बारीक कोरडी भुकटी गळते आणि दोन दिवसांनी बरं वाटतं, तर धुणं कडक होतंय. उलट न्हाल्यावर बरं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज वाढते, खपल्या तेलकट असतात, तर धुणं अपुरं पडतंय.

पहिल्या प्रकारातल्या लोकांनी शाम्पू जरूर बदलून बघावा. ॲटॉपिक एक्झिमा असलेले, रोज न्हाणारे पण तेल न लावणारे, वयाबरोबर टाळू कोरडी झालेले आणि रुक्ष कुरळ्या केसांचे लोक यांत येतात. रंगवलेल्या केसांनाही सौम्य शाम्पू चालतो. पण रंग उतरतो त्यात नुसत्या पाण्याचाही मोठा वाटा असतो. त्यामुळे शाम्पू बदलून रंग टिकेलच असं नाही, न्हाणं कमी केलं तर जास्त टिकेल. केस गळतात म्हणून सल्फेट सोडणाऱ्यांना मात्र निराशाच येईल. दिवसाला 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे, ते न्हाताना एकदम हातात येतात, आणि खरी गळती लोह, थायरॉइड, बाळंतपण, ताप, आनुवंशिकता अशा कारणांनी होते.

शिकेकाई आणि रिठा हेही सर्फॅक्टंटच. त्यातलं सॅपोनिन तेच काम करतं. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की काय होतं ते ज्यांना आठवतं, त्यांना नैसर्गिक म्हणजे सौम्य हा हिशेब मान्य होणार नाही.

नवी बाटली घ्यायच्या आधी आहे त्याच बाटलीची पद्धत बदलून बघावी. शाम्पू तळहातावर थोड्या पाण्यात पातळ करावा, फक्त टाळूला लावावा, बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळावा, केसांच्या टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. कढत पाणी टाळावं, कारण तेही स्निग्ध द्रव्यं ओढून नेतं. तेल रात्रभर ठेवण्याऐवजी न्हाण्याच्या तासभर आधी लावलं तरी बरंच काम होतं, आणि ते टाळूपेक्षा केसांच्या लांबीला लावलं तर धुवायला जोर लागत नाही. एवढं करूनही टाळू ताणली जात असेल, तर मग सल्फेट-फ्री आणावा. मागची यादी वाचून, ओलेफिन सल्फोनेट नसलेला. चार आठवडे तेल, कंडिशनर आणि न्हाण्याचे वार तेच ठेवून फक्त शाम्पू बदलावा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. चार आठवड्यांनी न्हाल्यावरच्या पहिल्या तासाकडे लक्ष द्यावं. ताण गेला असेल तर तुमच्यापुरता बदल कामाचा ठरला, आणि तसाच असेल तर जुन्या शाम्पूकडे परत जायला हरकत नाही.