रोग आधी कळला, पण मरण टळलं का?

१९७१ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मेयो क्लिनिकने फुप्फुसाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्यासाठी पंचेचाळिशी ओलांडलेले आणि भरपूर सिगारेट ओढणारे पुरुष निवडले गेले. पहिल्या तपासणीत कर्करोग न आढळलेल्या ९,२११ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचा छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दर चार महिन्यांनी, अशी सहा वर्षं चालली. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा तपासून घ्या, एवढाच सल्ला दिला गेला.

निकाल पाहून कुणालाही आनंद झाला असता. कडक तपासणीच्या गटात ज्यांना कर्करोग निघाला, त्यांच्यातले निदानानंतर पाच वर्षं जगणारे दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त होते. गाठी लहान असतानाच सापडत होत्या, शस्त्रक्रियेने काढता येत होत्या. मग दोन्ही गटांत फुप्फुसाच्या कर्करोगाने किती माणसं गेली, हे मोजलं गेलं. कडक तपासणीच्या गटात १२२ आणि दुसऱ्या गटात ११५.

म्हणजे रुग्ण जास्त वर्षं जगत होते, तरी मरणारे कमी झाले नव्हते. दोन्ही आकडे खरे होते.

एक माणूस घेऊ. समजा, वयाच्या ६२व्या वर्षी त्याच्या फुप्फुसातली गाठ एक्स-रेत दिसण्याइतकी मोठी झाली. ६६व्या वर्षी खोकल्यातून रक्त पडू लागलं आणि ६८व्या वर्षी तो गेला. त्रास सुरू झाल्यावरच तो डॉक्टरांकडे गेला असता, तर निदानानंतर दोन वर्षं जगला अशी नोंद झाली असती. ६२व्या वर्षीच एक्स-रे काढला आणि उपचारांनी रोगाची चाल जराही बदलली नाही, तर तोच माणूस त्याच दिवशी जाऊनही नोंद होते सहा वर्षांची. पाच वर्षं जगलेल्यांच्या यादीत त्याचं नाव चढतं. वाढलं ते आयुष्य नव्हे; आपल्याला रोग आहे हे माहीत असण्याचा काळ चार वर्षांनी वाढला. मोजणीचा आरंभ मागे सरकल्याने होणाऱ्या या दिशाभुलीला संशोधक ‘लीड टाइम बायस’ म्हणतात. ती चार वर्षं त्या माणसाने शस्त्रक्रिया, औषधं आणि धास्तीत काढलेली असतात, हे तक्त्यात कुठेच उमटत नाही.

मेयोच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती अधिक चक्रावणारी होती. कडक तपासणीच्या गटात २०६ जणांना कर्करोग निघाला, दुसऱ्यात १६० जणांना. चिठ्ठ्या टाकून केलेल्या सारख्याच गटांत एवढा फरक का? तपासणीने फक्त लवकर निदान केलं असेल, तर पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या गटातल्या उरलेल्यांनाही त्रास सुरू व्हायला हवा आणि आकडे जुळायला हवेत. पण १९९९ पर्यंत माग ठेवूनही ते जुळले नाहीत. एका गटात ५८५ रुग्ण होते, दुसऱ्यात ५००.

याचा सरळ अर्थ असा, की सापडलेल्या काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगच दिसत होत्या, पण इतक्या संथ होत्या की त्या माणसाला आयुष्यात कधी जाणवल्याच नसत्या. हे अतिनिदान. यात निदान चुकलेलं नसतं, रोगाची गाठ खरीच असते; फक्त तिच्यापासून त्या माणसाला धोका नसतो. आणि अमक्याची गाठ निरुपद्रवी आहे, हे त्याच्यासमोर बसलेल्या डॉक्टरला सहसा सांगता येत नाही. म्हणून उपचार सगळ्यांवर होतात.

अतिनिदानाने टक्केवारी कशी फुगते ते पाहा. शंभर रुग्णांपैकी वीस जण पाच वर्षं जगले, तर प्रमाण २० टक्के. तपासणीने त्यात निरुपद्रवी गाठींचे साठ जण आणून बसवले, तर १६० पैकी ८० जगले, म्हणजे ५० टक्के. मरणारे मात्र तेच ऐंशी.

मेयोच्या अभ्यासाला एक मर्यादा होती. दुसऱ्या गटातले बरेच जण बाहेर एक्स-रे काढून घेत होते, त्यामुळे थोडाफार फायदा झाकला गेला असेल, अशी शंका राहिली. पण पुढे दीड लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासातही दरवर्षीच्या एक्स-रेने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०११ साली जाहीर झालं.

अतिनिदान किती थराला जाऊ शकतं, हे दक्षिण कोरियाने पाहिलं. १९९९ साली तिथे सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हतं, पण थोडे जादा पैसे भरले की रुग्णालयं गळ्याची सोनोग्राफीही करून देत. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर नवे रुग्ण. थायरॉइड कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र वर्षाला तीन-चारशे, आधी होते तेवढेच. बहुतेकांची ग्रंथी पूर्ण किंवा अर्धवट काढली गेली. ती पूर्ण काढली की जन्मभर गोळी घ्यावी लागते. काहींचं कॅल्शियम कायमचं ढासळलं, काहींच्या स्वरयंत्राची नस दुखावून आवाज बसला. यातले बहुसंख्य लोक स्वतःला कर्करोगातून वाचलेले समजतात आणि लवकर तपासा असं कळकळीने इतरांना सांगतात. त्यांना दोष कसा देणार? २०१४ मध्ये काही कोरियन डॉक्टरांनी जाहीरपणे या सोनोग्राफीला विरोध केला, आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्या.

तपासणीने खरोखर जीव वाचतो का, हे ओळखायचं असेल तर रुग्णांची टक्केवारी बाजूला ठेवून तपासलेल्या आणि न तपासलेल्या सगळ्या लोकांमधले मृत्यू मोजावे लागतात. सोबत एक खूण पाहायची: रोग लवकर पकडला जात असेल, तर पुढच्या टप्प्यातले रुग्ण कमी झाले पाहिजेत.

हा हिशेब महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, फार नेमका मांडला गेला. १९९९ पासून तिथल्या ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झाली, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती. जीव वाचवू शकणारी तपासणी चौथ्या गटाला न देणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती टीका गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

२००९ साली निकाल आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग न तपासलेल्या गटाच्या निम्म्याच्या आसपास उतरले होते. चारही गट एकतीस ते चौतीस हजारांच्या दरम्यान होते. या रोगाने न तपासलेल्या गटात ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही गटात ३४. पॅपच्या गटात ५४ आणि डोळ्यांनी पाहणीच्या गटात ५६ मृत्यू झाले. रोग त्या दोन तपासण्यांनीही शोधला होता, पण त्यांच्यामुळे मृत्यू घटले असं खात्रीने म्हणण्याइतका तो फरक नव्हता.