ट्रे भरलेला, तरी ‘कागद संपला’

प्रिंटरला कागद दिसत नाही. घरगुती इंकजेटमध्ये बहुतेक वेळा ट्रेकडे लक्ष ठेवणारे काही नसतेच. रबरी रोलर फिरतो, वरचा कागद आत ओढतो आणि पुढे तो कागद प्लास्टिकची एक छोटी पट्टी ढकलतो. पट्टी हलली की सेन्सरमधल्या प्रकाशाच्या वाटेतला अडथळा बदलतो आणि प्रिंटरला कागद आल्याचे कळते. ठरावीक वेळेत पट्टी हलली नाही, तर कागद संपला असे तो मानतो. म्हणजे खरा दोष अनेकदा रोलरचा असतो. कागदाची बारीक धूळ बसून रबर गुळगुळीत होते आणि कागदावरून नुसते घसरते.

कान देऊन ऐका. रोलर घरघर फिरून मग संदेश आला, तर रोलर तपासा. काहीच न फिरता लगेच आला, तर सेन्सरची पट्टी अडकलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता जास्त. ट्रेमध्ये सेन्सर असलेल्या लेसर प्रिंटरमध्ये हे विशेष घडते.

रोलरसाठी प्रिंटरची वायर काढा, धागे न सुटणारे कापड पाण्याने किंचित ओले करून रोलर फिरवत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेल अजिबात लावू नका. पावसाळ्यात दमट झालेले कागदही बदलून पाहा. रबर कडक झाले असेल, तर मात्र रोलर बदलावाच लागतो.